भारित तारेतील प्रतिबल, विकृती आणि स्थितिस्थापकता गुणांक

वरचे टोक घट्ट धरलेल्या तारेच्या खालच्या टोकाला वजन टांगले की तार लांबते. वजन काढल्यावर ती मूळ लांबीवर येते की थोडी लांबच राहते, आणि वजन वाढवत नेले तर ती कधी व कशी तुटते, हे तारेच्या जाडीवर, लांबीवर आणि ती ज्या पदार्थाची आहे त्यावर ठरते. यातला जाडी-लांबीचा भाग बाजूला काढून केवळ पदार्थाचा गुण हाती यावा म्हणून प्रतिबल आणि विकृती या दोन राशी वापरतात. तारेवरचे बल भागिले तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल. ते पास्कलमध्ये, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. लांबीतील वाढ भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती. लांबीला लांबीने भागल्यामुळे तिला एकक नसते.

बल आणि लांबीतील वाढ यांचे प्रमाण रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये उघडपणे मांडले. त्याआधी १६७६ मध्ये त्यांनी तो नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला होता. आज हुकचा नियम म्हणून जो सांगितला जातो त्यात बलाच्या जागी प्रतिबल आणि वाढीच्या जागी विकृती असते: ठरावीक मर्यादेपर्यंत त्यांचे गुणोत्तर स्थिर राहते. ताणलेल्या तारेसाठी या स्थिर गुणोत्तराला थॉमस यंग यांच्या नावावरून यंगचा गुणांक म्हणतात.

Y = (F / A) ÷ (ΔL / L) = F·L / (A·ΔL)

येथे F हे बल, A काटछेदाचे क्षेत्रफळ, L मूळ लांबी आणि ΔL लांबीतील वाढ. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तांब्याचा सुमारे १२० आणि ॲल्युमिनियमचा सुमारे ७० असतो. गुणांक मोठा म्हणजे पदार्थ ताठ, एवढेच त्यातून कळते. तो मजबूत आहे की नाही हे कळत नाही. तापवून मऊ केलेली पोलादी तार आणि वाद्यांना लावतात ती कडक पोलादी तार यांचे गुणांक जवळजवळ सारखे असतात, पण दुसरी तार तुटायला पहिलीच्या कितीतरी पट प्रतिबल लागते.

एका तारेचे मापन

मऊ पोलादाची २ मीटर लांब आणि ०.५ मिमी व्यासाची तार घेऊ. तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिमी भरते. तिला १ किलोग्रॅमचे वजन लावले की ९.८ न्यूटन बल पडते आणि प्रतिबल जवळजवळ ५० मेगापास्कल होते. गुणांक २०० गिगापास्कल धरला तर विकृती ०.०००२५, म्हणजे वाढ अवघी अर्धा मिमी. साध्या पट्टीवर हे मोजता येत नाही.

म्हणून सर्लच्या उपकरणात एकाच आधारावरून शेजारी शेजारी दोन तारा टांगतात आणि प्रत्येकीला धातूची चौकट जोडतात. एका तारेवर ठरावीक वजन कायम असते, दुसरीवर वजने वाढवत नेतात. दोन चौकटींवर आडवी पाणसळ ठेवलेली असते. तिचे एक टोक पहिल्या चौकटीवर आणि दुसरे टोक दुसऱ्या चौकटीतील सूक्ष्ममापी स्क्रूच्या टोकावर टेकते. तार लांबली की पाणसळ कलते. स्क्रू फिरवून बुडबुडा पुन्हा मध्यावर आणला की स्क्रूवरच्या वाचनांतील फरक हीच लांबीतील वाढ, आणि ती ०.०१ मिमीपर्यंत कळते. कायम वजनाची तार शोभेला नसते. वजनाने आधार थोडा वाकला तर दोन्ही तारा सारख्याच खाली येतात. खोलीचे तापमान एका अंशाने वाढले तर २ मीटर पोलाद सुमारे ०.०२४ मिमी लांबते, तेही दोन्ही तारांत सारखेच. हे दोन्ही दोष फरक घेताना आपोआप वजा होतात.

मोजायला सुरुवात करण्यापूर्वी तारेवर सुमारे १ किलोग्रॅमचे वजन ठेवून तिच्यातले बाक आणि पीळ काढून टाकतात. नाहीतर पहिल्या वजनांनी तार ताणली जाण्याऐवजी नुसती सरळ होते आणि आलेखाच्या सुरुवातीला खोटा वाकडा पाय दिसतो. पुढे प्रत्येक वजनानंतर थोडे थांबून वाचन घेतात आणि वजने उतरवतानाही तीच वाचने पुन्हा घेतात. समजा १ पासून ४ किलोग्रॅमपर्यंत जाताना वाढ १.५० मिमी झाली. म्हणजे दर किलोग्रॅमला ०.५० मिमी, आणि सूत्रात ही मूल्ये घातली की गुणांक २०० गिगापास्कल येतो. एकेका वाचनावरून गुणांक काढण्यापेक्षा सर्व बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा चढ घेणे चांगले, कारण सुरुवातीचे वाचन चुकले असले तरी चढ बिघडत नाही.

या प्रयोगात खरा घात होतो तो व्यास मोजताना. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग असतो. ०.५० मिमीऐवजी ०.५१ मिमी वाचले गेले तर व्यासातील चूक २ टक्के, पण गुणांकातील चूक ४ टक्के होते आणि उत्तर सुमारे १९२ गिगापास्कल येते. म्हणून स्क्रू गेजची शून्यचूक आधी पाहतात, आणि तारेवर अनेक ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकींना लंब अशा दोन दिशांनी व्यास घेऊन सरासरी काढतात.

वजन तुटण्याच्या वजनाच्या निम्म्यापुढे नेऊ नये असा संकेत आहे. वरच्या पोलादी तारेला तो चालतो. तापवून मऊ केलेल्या तांब्याला मात्र चालत नाही: ते सुमारे २२० मेगापास्कलला तुटते, पण त्याच्या निम्म्याच्या बरेच आधी कायमचे लांबू लागते. असे झाले आहे की नाही हे उतरती वाचने सांगतात. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला निराळी लांबी दिसली तर तार मर्यादेपलीकडे गेली आहे, आणि त्या वाचनांवरून काढलेला गुणांक टाकून द्यावा.

तुटेपर्यंतचा वक्र

प्रतिबल उभ्या अक्षावर आणि विकृती आडव्या अक्षावर घेऊन काढलेल्या वक्राचा पहिला भाग सरळ रेषा असतो. तिचा चढ म्हणजे यंगचा गुणांक. सरळपणा जिथे संपतो ती प्रमाण-मर्यादा. वजन काढल्यावर तार जिथपर्यंत पूर्ण परत येते ती स्थितिस्थापक मर्यादा. तत्त्वतः हे दोन बिंदू वेगळे असले तरी धातूंत ते इतके जवळ असतात की बारीक उपकरणांशिवाय वेगळे काढता येत नाहीत.

आपल्या तारेत ५ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे २५० मेगापास्कलला, यील्ड बिंदू येतो असे धरू. तोवरची वाढ फक्त २.५ मिमी असते. मग वजन न वाढवताही तार लांबत जाते आणि दीड टक्का विकृतीपर्यंत, म्हणजे ३० मिमीपर्यंत, सरकू शकते. ही सरक सगळ्या तारेत एकदम होत नाही. ती एखाद्या ठिकाणी सुरू होते आणि तिची सीमा तारेवरून पुढे सरकत जाते. चाचणीयंत्रात याच वेळी बल थोडे खाली घसरते आणि वरचा व खालचा असे दोन यील्ड बिंदू दिसतात. टांगलेल्या वजनाला घसरता येत नाही, त्यामुळे तारेच्या प्रयोगात तेथे फक्त आडवी उडी दिसते. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यात हा बिंदू ठळक नसतो, तेथे ०.२ टक्के विकृतीपासून सुरुवातीच्या रेषेला समांतर रेषा काढून ती वक्राला जिथे छेदते ते प्रतिबल घेतात.

सरक संपल्यावर तार पुन्हा प्रतिकार करू लागते. धातूच्या स्फटिकांतील डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, वाढून एकमेकांच्या आड येतात आणि पुढच्या प्रत्येक वाढीला जास्त बल लागते. या टप्प्यात ३२० मेगापास्कल आणि ५ टक्के विकृतीला वजन उतरवले तर तार मूळ वक्रावरून परत येत नाही. ती सुरुवातीच्या रेषेला समांतर अशा रेषेने येते. एकूण १०० मिमी वाढीपैकी ३.२ मिमी परत मिळतात, बाकी ९६.८ मिमी कायमची राहतात. पुन्हा वजन चढवले तर तार आता ३२० मेगापास्कलच्या आसपासपर्यंत स्थितिस्थापकच राहते. साच्यातून थंड ओढून बनवलेली तार कडक असते ती याच कारणाने, आणि अशा तारेच्या वक्रात वरची आडवी उडी सहसा सापडत नाही.

वक्राचा माथा म्हणजे ताणसामर्थ्य. आपल्या तारेसाठी ते ४०० मेगापास्कल, म्हणजे ८ किलोग्रॅम, धरू. माथ्यापर्यंत दोन गोष्टींची चढाओढ चाललेली असते: लांबताना तार बारीक होते आणि त्याच वेळी कडकही होत जाते. जोवर कडकपणाची सरशी आहे तोवर जी जागा जरा जास्त बारीक होते ती जास्त कडकही होते, आणि वाढ सर्वत्र सारखी पसरते. माथ्याशी ही सरशी संपते. मग एका जागी मान पडते, म्हणजे तार तेवढ्याच जागी बारीक होत जाते, आणि पुढची सगळी वाढ तेथेच होते.

माथ्यानंतर वक्र उतरतो याचा अर्थ पदार्थ दुबळा झाला असा नाही. उभ्या अक्षावर बलाला मूळ क्षेत्रफळाने भागलेले असते, आणि खरे क्षेत्रफळ तर घटत असते. कायमच्या विकृतीत घनफळ जवळजवळ बदलत नाही. म्हणून २० टक्के विकृतीला ४०० मेगापास्कल दाखवणाऱ्या तारेतले खरे प्रतिबल १.२ पट, म्हणजे ४८० असते. तुटताना वक्र ३०० मेगापास्कल दाखवत असेल आणि मानेचे क्षेत्रफळ मूळच्या ४० टक्के उरले असेल, तर मानेतील सरासरी खरे प्रतिबल ७५० मेगापास्कल होते.

हा उतार तारेच्या प्रयोगाचा म्हणून सर्रास काढला जातो, पण लांब तारेत तो प्रत्यक्षात मिळत नाही. टांगलेल्या वजनाखाली मान पडू लागली की बल कमी होण्याची सोयच नसते. तार लगेच तुटते आणि शेवटचे वाचन माथ्याचेच राहते. यंत्रात धरले तरी फार फरक पडत नाही. मानेची लांबी व्यासाएवढी किंवा थोडी जास्त असते, म्हणून ०.५ मिमी तारेत ती एकूण लांबीत १ मिमीचीही भर घालत नाही. उलट बल उतरू लागताच उरलेली २ मीटर तार स्थितिस्थापकतेने आखडू पाहते; तिच्यात ४ मिमीच्या आसपास स्थितिस्थापक वाढ साठलेली असते, ती मानेला आणखी ओढते आणि तार क्षणात तुटते. तुटण्याच्या बिंदूपर्यंत जाणारा सावकाश उतार पाहायचा तर व्यासाच्या पाचेक पट लांबीची आखूड सळई घ्यावी लागते. याच कारणाने तुटतेवेळची टक्केवारी वाढ सांगताना नमुन्याची मापलांबी, म्हणजे ज्या लांबीवर वाढ मोजली ती लांबीही सांगावी लागते: एकाच पोलादाची आखूड सळई लांब तारेपेक्षा जास्त टक्के लांबलेली दिसते, कारण मानेतली वाढ तिथे थोड्या लांबीवर वाटली जाते.

तुटलेली टोकेही वाचता येतात. मऊ पोलाद आणि तांबे यांची टोके निमुळती असतात. काच किंवा ओतीव लोखंड यांसारख्या ठिसूळ पदार्थांत मान पडत नाही. त्यांचा वक्र जवळजवळ चढतीवरच थांबतो आणि तुटलेले तुकडे जुळवले तर मूळ लांबी जवळपास तशीच भरते.