पर्पेच्युअल आणि ॲन्युअल कॅलेंडर घड्याळे

तारीख दाखवणाऱ्या साध्या मनगटी घड्याळात तारखेच्या चक्राला 31 दाते असतात आणि रोज मध्यरात्री एक दाता सरकतो. महिना किती दिवसांचा आहे हे त्या चक्राला कळत नाही. म्हणून फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने पुढे न्यावी लागते.

पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये हे ज्ञान एका चकतीच्या कडेवर कोरलेले असते. पारंपरिक रचनेत ही चकती 48 महिन्यांची असून चार वर्षांत एक फेरी पूर्ण करते. 31 दिवसांच्या महिन्याला तिची कड पूर्ण उंच राहते, 30 दिवसांच्या महिन्याला उथळ खाच आणि फेब्रुवारीला सर्वांत खोल खाच असते. लीप वर्षातल्या फेब्रुवारीची खाच मात्र किंचित कमी खोल. एक लांब तरफ या कडेला टेकलेली असते. खाच जितकी खोल, तितकी तरफ मागे जाते आणि महिनाअखेरीस तारखेचे चक्र तितके जास्त दाते ढकलते: 30 एप्रिलच्या रात्री दोन, 28 फेब्रुवारीच्या रात्री चार. सारी यंत्रणा काही दशांश मिलिमीटरच्या फरकावर चालते, हे खरोखर थक्क करणारे आहे.

ॲन्युअल कॅलेंडर हे यापेक्षा सोपे यंत्र. पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने 1996 मध्ये ते मनगटी घड्याळात आणले. ते 30 आणि 31 दिवसांचे महिने ओळखते; फेब्रुवारीलाही बहुधा 30 दिवसांचाच समजते. त्यामुळे साध्या वर्षी 1 मार्चला ते 29 दाखवते आणि तारीख दोनदा पुढे ढकलावी लागते. लीप वर्षी ते 30 दाखवते, तेव्हा एकदाच पुरते. वर्षभरातली दुरुस्ती एवढीच.

ही दुरुस्ती कधी करावी, याला फार महत्त्व आहे. साधारण रात्री आठ ते पहाटे तीनपर्यंत तारीख बदलणारे दाते एकमेकांत गुंतलेले असतात. त्या वेळात दुरुस्तीचे बटण दाबले तर दाता वाकतो किंवा तुटतो आणि तारीख अर्ध्यावर अडकते. नेमके तास रचनेनुसार बदलतात. घड्याळ बंद पडले असेल, तर आधी काटे पुढे फिरवून तारीख बदलते का ते पाहावे, म्हणजे काटे दिवसाचे दाखवतात की रात्रीचे हे कळते, आणि मग ते सकाळवर आणून बटण वापरावे.

पर्पेच्युअल कॅलेंडर सतत चालू राहिले तर त्याची पहिली चूक 2100 साली होईल. शंभराने भाग जाणारे, पण 400 ने न जाणारे वर्ष लीप नसते, हे चार वर्षांच्या चकतीला माहीत नाही. 1 मार्च 2100 या सोमवारी घड्याळ 29 फेब्रुवारी दाखवेल, वार मात्र बरोबर असेल. तारखेचे स्वतंत्र बटण असेल तर एकदा दाबून काम होते. घड्याळ कारागीर कुर्ट क्लाउस यांनी आयडब्ल्यूसी या कंपनीसाठी 1985 च्या दा विंची या घड्याळात सारे दर्शक एकाच चावीला जोडले. अशा रचनेत तारीख पुढे नेली की वारही पुढे जातो, त्यामुळे त्या दुरुस्तीसाठी घड्याळजीकडेच जावे लागते. त्यात चावीने तारीख मागेही घेता येत नाही. एखादा दिवस जास्त पुढे गेला, तर घड्याळ तेवढा एक दिवस थांबवून ठेवणे हाच मार्ग.