आवळ्यातलं ‘सी’ शिजवूनही टिकतं, हे आलं कुठून?

कार्तिक लागला की पुण्यात महात्मा फुले मंडईबाहेर आवळ्यांचे ढीग दिसायला लागतात. त्यांच्याबरोबर एक वाक्यही घरोघरी फिरायला लागतं: बाकी फळांतलं ‘सी’ जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, आवळ्यातलं मात्र जात नाही. मोरावळा ढवळणारी आजी हे सांगते, कँडीच्या पाकिटावरही असाच काहीतरी मजकूर असतो. वाक्य निव्वळ भाकड नाही. ते प्रयोगशाळेतून आलेलं आहे आणि त्याचं सालही सांगता येतं. फक्त तिथे जेवढं म्हटलं होतं त्याच्या बरंच पुढे आपण ते ओढत नेलं.

१९२८ मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी एक आम्ल वेगळं काढलं. तेच ‘सी’ जीवनसत्त्व आहे हे १९३२ मध्ये स्पष्ट झालं आणि त्याला अस्कॉर्बिक आम्ल हे नाव पडलं. त्याच सुमारास ते मोजायची एक स्वस्त रीत हाती आली होती. फळाच्या आंबट अर्कात निळ्या रंगद्रव्याचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. अस्कॉर्बिक आम्ल शिल्लक आहे तोवर थेंबाचा रंग उडून जातो, ते संपलं की फिकट गुलाबी छटा टिकते. किती द्रावण लागलं त्यावरून हिशेब करायचा. महागडं यंत्र लागत नसल्यानं ही चाचणी सगळीकडे रुळली आणि आवळ्याचे आकडे डोळे विस्फारावेत असे यायला लागले.

१९३६ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि नायर या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. आवळ्यातलं एक टॅनिन, म्हणजे ज्यानं जीभ आवळते त्या तुरट द्रव्यांपैकी एक, त्यांनी वेगळं केलं आणि ते अस्कॉर्बिक आम्लाचं हवेतल्या ऑक्सिजनपासून रक्षण करतं असं दाखवलं. आवळा मुळात खूप आंबट असतो आणि आंबट माध्यमात हे जीवनसत्त्व तसंही हळू नष्ट होतं. आम्लता आणि तुरटपणा असे दोन पहारेकरी मिळाल्यामुळे आवळा पालेभाजीपेक्षा खूप चिवट ठरतो, हे खरंच आहे. पण त्यामुळे नाश लांबतो, थांबत नाही. ‘हळू जातं’चं ‘जातच नाही’ कधी झालं कोण जाणे.

त्याला बळ मिळालं असणार ते हिस्सारच्या दुष्काळामुळे. १९३९-४० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या त्या भागात ताजी भाजी मिळेना, माणसांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ‘सी’च्या अभावानं होणाऱ्या स्कर्व्हीची साथच आली. तिथे आवळा देऊन रुग्ण बरे केले गेले. हे यश मोठं होतं, पण त्यावरून काय सिद्ध होतं ते नीट पाहायला हवं. स्कर्व्ही टाळायला प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम ‘सी’ पुरतं. आवळा वाळवताना तीन चतुर्थांश जीवनसत्त्व गेलं, तरी त्याच्या चमचाभर पुडीनं एवढं काम होऊ शकतं. रुग्ण बरा झाला म्हणजे आवळ्यात पुरेसं ‘सी’ होतं, एवढाच त्याचा अर्थ. किती गेलं होतं ते त्यातून कळत नाही.

दुसरा घोळ मूळ आकड्याचाच आहे. १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम ‘सी’, हा आकडा भारतीय आहारकोष्टकांतून कित्येक दशकं छापला गेला आणि आजही तोच उद्धृत होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये नवी कोष्टकं काढली, त्यात तो सुमारे २५२ आहे. मधल्या काळात आवळा निकृष्ट झाला असं नाही. जात, पिकण्याची अवस्था आणि कुठे वाढला यावरून आकडे हलतातच, पण मोजायची रीतही बदलली आहे. जुन्या चाचणीतल्या रंगद्रव्याचा रंग अस्कॉर्बिक आम्लच उडवतं असं नाही. तुरट द्रव्यंही थोडाफार उडवतात, आणि आवळा तर त्यांनी भरलेला. नव्या रीतीत घटक आधी वेगळे केले जातात, मग मोजले जातात. शिजवलेल्या आवळ्यात ‘सी’ टिकल्याचे जे जुने आकडे सांगितले जातात, त्यांतही ही गफलत असू शकते: जीवनसत्त्व गेलं, टॅनिनं राहिली, आणि चाचणीनं दोन्ही एकाच खात्यात धरली. २५२ काही कमी नाही. सध्याच्या भारतीय शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. एका बऱ्यापैकी मोठ्या ताज्या आवळ्यात तेवढं निघतं.

तिसरी गल्लत वाळवणाची, आणि ती फक्त गणिताची आहे. १ किलो आवळे आणले. बिया काढून साधारण ९०० ग्रॅम गर राहिला. नव्या कोष्टकानुसार त्यात २,२५० मिलिग्रॅमच्या आसपास ‘सी’ आहे. कडक वाळल्यावर हातात साधारण १५० ग्रॅम आवळकाठी येते, कारण गरात पाचात चार भागांहून जास्त पाणीच असतं. आता समजा, वाळलेला नमुना तपासला आणि १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम असा निकाल आला. जाहिरात लगेच म्हणेल, वाळलेल्या आवळ्यात ताज्याच्या दुपटीहून जास्त ‘सी’! पण १५० ग्रॅमचं मिळून ते ९०० मिलिग्रॅमच झालं. २,२५० मधले ९०० उरले, म्हणजे ६० टक्के गेलं. पाणी उडाल्यामुळे उरलेलं दाटलं, एवढंच. वाळवणाचा कुठलाही आकडा वाचताना तो ताज्याच्या वजनावर आहे की वाळलेल्याच्या, हे आधी पाहावं. बहुतेकदा ते लिहिलेलं नसतं.

हे ६० टक्के मी हिशेबापुरतं धरलं आहे. घरोघरी ते बदलतं, आणि ते कशानं बदलतं हे कळलं की आपल्या हातात बरंच राहतं. पहिला शत्रू उकळतं पाणी. जुन्या पद्धतीच्या अख्ख्या मोरावळ्यात आवळे काट्यानं टोचतात, तुरटीच्या पाण्यात ठेवतात, उकडतात आणि ते पाणी ओतून देतात. तुरटपणा उतरतो, पण त्याच भोकांतून पाण्यात विरघळणारं ‘सी’ही मोरीत जातं. त्या मानानं आपल्याकडचा किसाचा मोरावळा बरा. त्यात काही फेकायचं नसतं. जातं ते फक्त आचेवर. कँडीत आवळा वाफवून फोडी साखरेत मुरवतात, तेव्हा साखर फोडीतला रस ओढून घेते आणि ‘सी’चा मोठा वाटा पाकात उतरतो. तो पाक टाकून देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. थंड पाणी आणि चिमूटभर मीठ घातलं की त्याचं सरबत होतं. च्यवनप्राश तर तासन्‌तास आटवलेला असतो, त्यात ‘सी’ शोधू नये. चरकसंहितेतल्या कृतीत ५०० आवळे आहेत, पण त्या ग्रंथाला जीवनसत्त्वांचा दावा करायचाच नव्हता.

दुसरा शत्रू धातू. तांब्याच्या आणि लोखंडाच्या अंशानं अस्कॉर्बिक आम्ल झपाट्यानं नष्ट होतं. लोखंडी विळीवर चिरलेली फोड काही मिनिटांत निळसर काळी पडते. ती टॅनिन आणि लोखंडाची करामत, पण धातू फोडीत उतरला याची ती खूणही आहे. स्टीलची सुरी, स्टीलची किसणी आणि चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्यावी. कल्हई उडालेलं पितळी पातेलं तर नकोच.

वाळवण करायचं तर आवळे पाण्यात न उकडता चाळणीवर ठेवून वाफवावेत, फोडी सुट्या होऊ लागेपर्यंतच. एवढ्या वाफेनं फळातली विकरं, म्हणजे चिरल्याबरोबर ‘सी’ खायला लागणारी द्रव्यं, थंडावतात. मग फोडी स्टीलच्या ताटात एकेरी पसरून वर मलमल घालावी. डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे गच्चीवर काम होतं, पण संध्याकाळी ताट आत घ्यायला हवं, नाहीतर दवानं फोडी पुन्हा ओलावतात. जितके दिवस जास्त तितकं ‘सी’ कमी. म्हणून ज्यांच्याकडे वाळवणयंत्र आहे त्यांनी ५५-६० अंशांवर एका दिवसात काम उरकणं उत्तम. झळझळीत उन्हात चार दिवस ठेवण्यापेक्षा त्यात जास्त टिकतं. फोड वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. खात्री नसेल तर भरलेली काचेची बरणी रात्रभर बंद ठेवावी. सकाळी आतून धुकं दिसलं किंवा फोडी एकमेकींना चिकटल्या, तर आतला ओलावा गेलेला नाही आणि पुढे बुरशी ठरलेली. रंगही बोलतो. फिकट तपकिरी चालेल. काळपट झाली तर ‘सी’चा बराच भाग गेला, कारण हे जीवनसत्त्व मोडतानाच तपकिरी रंग तयार होतो.

हा सगळा हिशेब मंडईत आवळा निवडतानाच सुरू होतो. लोणच्या-मोरावळ्याला मोठे कृष्णा, कांचन किंवा एनए-७ जातीचे आवळे चालतात. चकैय्या धागेदार असला तरी जास्त टिकतो, तर बनारसी दिसायला देखणा आणि नाजूक. साल चकचकीत, हिरवट पिवळी आणि जरा पारदर्शक हवी. तपकिरी डाग म्हणजे बहुधा फांद्या झोडपून पाडताना बसलेला मार. कुजणं तिथूनच सुरू होतं. एक कापून पाहू द्या म्हटलं तर विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत. बी पांढरट असेल तर फळ कोवळं, तपकिरी असेल तर भरलेलं. वरून स्वच्छ फळाचा गर आत काळपट निघाला तर तो सगळा ढीग सोडावा. फ्रान्सिस जातीत हा दोष जास्त दिसतो, आणि बोरॉनची कमतरता हे त्याचं एक कारण आहे. शाळेबाहेर मीठ-तिखट लावून मिळतो तो रायआवळा हे वेगळंच झाड. त्यात ‘सी’ खूपच कमी.

घरी आणलेले आवळे बाहेर आठवडाभर धड राहतात, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे. न धुता, कोरडे पुसून, कागदात ठेवावेत, आणि निळसर बुरशी आलेला एक जरी दिसला तरी लगेच काढावा. मिठाच्या दाट पाण्यात ते दीड-दोन महिने टिकतात, पण ‘सी’ हळूहळू त्या पाण्यात उतरतं. ‘सी’साठीच साठवायचे असतील तर सगळ्यात कमी नुकसान गोठवण्यात होतं: फोडी कोरड्या करून हवाबंद पिशवीत खोलगट न रचता चपट्या भराव्यात, म्हणजे लवकर गोठतात आणि लागतील तेवढ्याच मोडून काढता येतात. वाळवलेली आवळकाठी गडद बाटलीत, फोडींच्याच रूपात ठेवावी. पूड केली की हवेला उघडा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. शिवाय जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बाटली दर वेळी उघडताना ओल आत जाते. पूड पंधरा दिवस पुरेल एवढीच करावी.