शिफॉन केक

शिफॉन केक हा तेल घातलेल्या बलकाच्या पिठात अंड्यांच्या पांढऱ्या भागाचा फेटलेला फेस मिसळून केला जाणारा हलका केक आहे. मध्यभागी नळी असलेल्या उंच साच्यात तो भाजतात आणि भट्टीतून काढताच साचा उलटा करून थंड करतात. साच्याला तूप किंवा तेल लावत नाहीत.

हा केक लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर यांनी 1927च्या सुमारास तयार केला. आधी विमा विकणारे बेकर हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी या उपाहारगृहाला केक पुरवीत. कृती त्यांनी वीस वर्षे कोणाला कळू दिली नाही. 1947 साली त्यांनी ती जनरल मिल्स या कंपनीला विकली आणि पुढच्या वर्षी ती छापून आली. गुपित निघाले ते साधे सॅलडचे तेल! लोणी थंडीत घट्ट होते, म्हणून लोण्याचा केक फ्रिजमध्ये कडक होतो. तेल पातळच राहते, त्यामुळे शिफॉन थंडही मऊ लागतो. पुढे आग्नेय आशियात, विशेषतः सिंगापूर आणि मलेशियात, या केकमध्ये पंदनच्या पानांचा रस घालू लागले. पंदन म्हणजे केवड्याच्याच कुळातली वनस्पती. तिच्या रसाने केक हिरवा आणि सुगंधी होतो.

तेल आणि फेस यांचे मात्र जमत नाही. स्निग्ध पदार्थ लागला की फेस बसतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे तयार करावे लागतात. 17 सेंटिमीटर व्यासाच्या साच्यासाठी तीन बलक 20 ग्रॅम साखरेबरोबर फेटून त्यात 40 मिलिलिटर तेल आणि 50 मिलिलिटर पाणी घालतात. बलकामुळे तेल आणि पाणी एकजीव होतात. मग त्यात 70 ग्रॅम चाळलेला मैदा घालतात. दुसऱ्या, अगदी कोरड्या भांड्यात चार अंड्यांचा पांढरा भाग 50 ग्रॅम साखर थोडी थोडी घालत फेटतात. बलकाचा थेंबही त्यात पडला तरी फेस नीट चढत नाही. फेटणी उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहून किंचित झुकावे. त्यापुढे फेटत राहिल्यास फेस पिंजलेल्या कापसासारखा फुटतो आणि पिठात मिसळत नाही.

मिसळण्याचा टप्पा सर्वांत नाजूक. आधी फेसाचा एक तृतीयांश भाग बलकाच्या पिठात बिनधास्त मिसळतात. त्यातली हवा गेली तरी चालते, कारण उद्देश जड पीठ हलके करण्याचा असतो. मग ते पीठ उरलेल्या फेसावर ओतून रबरी उलथन्याने मधोमध तळापर्यंत कापत जातात, कडेने वर उचलून दुमडतात आणि दर वेळी भांडे थोडे फिरवतात. आपल्याकडे याला सर्रास ‘कट अँड फोल्ड’ म्हणतात. मिश्रण जाड पट्टीसारखे पडले तर जमले. पाण्यासारखे वाहू लागले तर फेस मोडला. फेसाचे पांढरे गोळे राहिले तर केकमध्ये मोठी भोके पडतात. तळाशी बलकाचे पीठ तसेच राहिले तर चिवट, खरवसासारखा थर बसतो आणि केक काढल्यावर तो नेमका वरच्या बाजूला दिसतो.

कोरा साचा हवा, कारण पीठ फुगताना साच्याच्या भिंतींना आणि नळीला धरून वर चढते. नळीमुळे मधल्या भागालाही उष्णता मिळते. नॉनस्टिक साच्यात केकला पकड मिळत नाही आणि उलटा केल्यावर तो सरळ खाली घसरतो. 170 अंश सेल्सिअसला साधारण 35 मिनिटांत केक भाजतो. वरच्या भेगा आतून कोरड्या आणि फिकट तांबूस दिसल्या की तो झाला. भेगा ओलसर असतील तर उलटा करण्याची घाई करू नये.

गरम शिफॉनचा सांगाडा मऊ असतो. आतली वाफ आणि हवा आकुंचन पावते तेव्हा सरळ ठेवलेला केक स्वतःच्या वजनाने दबून बसतो. उलटा टांगला की तेच वजन त्याला खाली ओढते आणि स्टार्च व प्रथिने घट्ट होईपर्यंत उंची टिकते. अनेक साच्यांना यासाठी पाय किंवा लांब नळी असते. नसेल तर नळी बाटलीच्या मानेवर अडकवतात. दोन तास तरी हात लावू नये. साचा कोमट असतानाच केक काढला तर कडा आत ओढल्या जाऊन कंबर पडते. पूर्ण गार झाल्यावर पातळ सुरी कडेने आणि नळीभोवती फिरवून केक सोडवतात.

मराठी घरांत अंड्याविना केकची मागणी मोठी आहे, आणि ‘एगलेस शिफॉन’ नावाच्या कृतीही फिरत असतात. त्यांतून चांगला स्पंज होईलही, पण अंड्याच्या फेसावर उभा राहणारा शिफॉन तो नव्हे.