ग्रामपंचायत विकास आराखड्याचा खर्च कसा बसवावा : अनुदानाची शीर्षे, स्वनिधी, विकासकामे आणि लागणारी कागदपत्रे

महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करून ग्रामसभेच्या मान्यतेने तो ई-ग्रामस्वराज प्रणालीवर भरावा लागतो. बहुतेक आराखड्यांत कामांची यादी आधी तयार होते आणि पैसा नंतर शोधला जातो. त्यामुळे पन्नास लाखांची कामे लिहिली जातात आणि हाती आठ-दहा लाखच खर्चाला मोकळे असतात. हिशेबाची दिशा उलटी असली पाहिजे. कोणत्या शीर्षात किती रक्कम येणार, त्यातील किती रकमेवर आधीच कोणाचा हक्क आहे आणि उरलेल्या रकमेत कोणते काम पूर्ण होते, या क्रमाने आराखडा बसवला तर तो वर्षअखेर टिकतो.

अनुदान मिळण्याची पात्रता

केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान हा बहुतेक ग्रामपंचायतींच्या आराखड्याचा कणा असतो. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या कालावधीत हे अनुदान मिळण्यासाठी पंचायत रीतसर निवडून आलेली असणे आणि तिचे लेखे, तसेच त्यांचे लेखापरीक्षण, ऑनलाइन उपलब्ध असणे या अटी होत्या. ज्या पंचायतीवर दीर्घकाळ प्रशासक आहे, तिने पुढील वर्षाचे पूर्ण अनुदान गृहीत धरून कामे लिहू नयेत. राज्यात या अनुदानाचा 80 टक्के हिस्सा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दिला गेला.

या कालावधीत ग्रामपंचायतीच्या हिश्श्यातील 60 टक्के रक्कम बंधित होती. तिचा निम्मा भाग पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर निम्मा स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी होता. उरलेली 40 टक्के रक्कम अबंधित होती आणि ती गावाच्या गरजेनुसार वापरता येत होती, मात्र वेतन व आस्थापना खर्चासाठी वापरता येत नव्हती. पुढील आयोगाच्या कालावधीत प्रमाण बदलले तर त्या वर्षीच्या शासन निर्णयातील प्रमाण घालावे. हिशेबाची रीत तीच राहते.

एक उदाहरण : जमा बाजू

समजा, 2,800 लोकसंख्येच्या एका ग्रामपंचायतीला मागील हप्त्यांच्या आदेशांवरून वर्षाला 15,00,000 रुपये वित्त आयोगाचे अनुदान अपेक्षित आहे (येथील सर्व रकमा उदाहरणादाखल आहेत). यातील 9,00,000 बंधित होतात, म्हणजे पाण्यासाठी 4,50,000 आणि स्वच्छतेसाठी 4,50,000. अबंधित रक्कम 6,00,000 राहते. मागील वर्षाची अखर्चित शिल्लक असेल तर ती ज्या शीर्षातून आली त्याच शीर्षात मिळवावी. बंधितची शिल्लक अबंधितमध्ये दाखवणे ही लेखापरीक्षणात हमखास निघणारी हरकत आहे. तसेच चालू असलेल्या पण देयक बाकी राहिलेल्या कामांचे दायित्व त्या शिलकेतून आधी वजा करावे. ते विसरले की एकच पैसा दोन वर्षांच्या कामांना दोनदा लावला जातो.

स्वनिधीची रक्कम मागणीवरून नव्हे, वसुलीवरून धरावी. नमुना 9 म्हणजे कर मागणी नोंदवही उघडून घरपट्टी, दिवाबत्ती कर व आरोग्य कर यांची चालू मागणी आणि थकबाकी वेगवेगळी काढावी आणि मागील तीन वर्षांत प्रत्येकीची किती टक्के वसुली झाली ते पाहावे. उदाहरणातील गावात चालू मागणी 6,00,000 आणि थकबाकी 4,00,000 आहे. चालू मागणीची वसुली सरासरी 70 टक्के व थकबाकीची 25 टक्के झालेली आहे. म्हणजे अपेक्षित जमा 4,20,000 अधिक 1,00,000, एकूण 5,20,000 रुपये. गाळे भाडे व आठवडे बाजाराची फी मिळून 80,000 धरले की स्वनिधी 6,00,000 होतो. नमुना 9 मधील पूर्ण 10,00,000 मागणी जमा बाजूला लिहिण्याचा मोह अनेक ठिकाणी दिसतो. तसे केले तर कागदावर 4,80,000 रुपयांची कामे वाढतात आणि मार्चमध्ये तीच रद्द करावी लागतात. पाणीपट्टी या बेरजेत मिसळू नये, कारण ती पाणीपुरवठ्याच्या स्वतंत्र निधीत जमा होऊन त्याच योजनेच्या देखभालीला व वीजबिलाला लागते.

आता या 6,00,000 वरील आधीचे हक्क पाहू. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के म्हणजे 90,000, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के म्हणजे 60,000 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के म्हणजे 30,000 बाजूला ठेवावे लागतात. मागील वर्षी हा राखीव खर्च झाला नसेल तर तो अनुशेष म्हणून यंदाच्या रकमेत वाढतो. 1,80,000 वजा जाता 4,20,000 उरतात. कर्मचाऱ्यांवरील खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या मर्यादेत म्हणजे 2,10,000 धरला, पथदिव्यांचे वीजबिल व कार्यालयीन खर्च 1,40,000 धरला, की विकासकामांसाठी स्वनिधीतून 70,000 रुपये उरतात. ‘आमचा स्वनिधी सहा लाखांचा आहे’ असे ग्रामसभेत सांगितले जाते ते खोटे नसते, पण कामासाठी मोकळा पैसा त्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी असतो, हे मात्र सांगायचे राहून जाते.

मुद्रांक शुल्काचे अनुदान, जमीन महसुलावरील उपकर आणि गौण खनिजाचा हिस्सा यांची रक्कम व वेळ दोन्ही अनिश्चित असतात. मागील तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमांपैकी सर्वांत कमी रक्कम धरणे सुरक्षित असते, आणि तीवर बसवलेले काम पैसा जमा झाल्यावरच सुरू करावे. जनसुविधा योजना, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना किंवा जिल्हा नियोजन समितीकडून मिळणारा निधी ही ग्रामपंचायतीची जमा नसून मागणी असते. ती आराखड्यात स्वतंत्र दाखवावी आणि उपलब्ध निधीच्या बेरजेत धरू नये. रोजगार हमीच्या कामांची मजुरी मजुरांच्या खात्यात थेट जाते, म्हणून ती कामे स्वतंत्र कृती आराखड्यात नोंदवून येथे केवळ अभिसरण, म्हणजे दुसऱ्या योजनेच्या निधीतून होणारी कामे, म्हणून उल्लेखावीत.

खर्च बाजू : एका रस्त्याचा हिशेब

उदाहरणातील गावाने शाळेकडे जाणारा 150 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता मागितला आहे. काँक्रीटचे घनफळ 150 × 3 × 0.15 म्हणजे 67.5 घनमीटर होते. घनमीटरला 6,000 रुपये दर धरला तर 4,05,000 आणि खोदाई, मुरूम व खडीचा थर यांचे 70,000 मिळून 4,75,000 रुपये होतात. पुष्कळदा आराखड्यात हाच आकडा किंवा गोल करून ‘5 लाख’ लिहिले जातात. पण त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे 85,500, कामगार कल्याण उपकर 1 टक्का म्हणजे 4,750, आणि साहित्य चाचणी, माहिती फलक व किरकोळ बाबींसाठी 14,750 धरले की काम 5,80,000 रुपयांवर जाते. दर अर्थातच त्या वर्षाच्या दरसूचीप्रमाणे आणि कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मापे घेऊन केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणेच घ्यावेत. सर्व कामांच्या रकमा पूर्ण लाखांत असलेला आराखडा पाहिला की अंदाजपत्रके झालेली नाहीत हे छाननी करणाऱ्याला लगेच कळते.

अबंधित 6,00,000 रुपयांत हा रस्ता बसतो असे वरवर दिसते. तथापि आराखड्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षण, आरोग्य, उपजीविका व महिला-बालकांच्या गरजांसाठीही हिस्सा ठेवायचा असतो. उदाहरणासाठी तो अबंधितच्या 25 टक्के म्हणजे 1,50,000 धरला, आणि त्यात अंगणवाडीची दुरुस्ती घेतली. मग रस्त्यासाठी 4,50,000 राहतात. मीटरला सुमारे 3,867 रुपये या हिशेबाने त्यात सुमारे 115 मीटर रस्ता होतो. उरलेल्या 35 मीटरसाठी सुमारे 1,35,000 लागतील. स्वनिधीतील 70,000 लावले तरी 65,000 कमी पडतात, ते मुद्रांक शुल्काच्या जमेतून येतील. अशा वेळी संपूर्ण 150 मीटरचे एकच अंदाजपत्रक करून त्यात दोन टप्पे दाखवावेत आणि प्रत्येक टप्प्यासमोर शीर्ष लिहावे. त्याच रस्त्याची दोन-तीन छोटी कामे करून वेगवेगळ्या नावांनी मंजूर करून घेणे म्हणजे निविदेची मर्यादा टाळण्यासाठी केलेली विभागणी समजली जाते.

रस्त्याला पैसा कमी पडला म्हणून तो स्वच्छतेच्या बंधित निधीत घालता येत नाही. त्याच रस्त्याकडेचे सांडपाण्याचे गटार, शोषखड्डे किंवा कचरा वर्गीकरणाची जागा मात्र 4,50,000 च्या स्वच्छता हिश्श्यातून करता येते. ‘रस्ता व गटार’ असे एकत्र नाव देऊन पूर्ण रक्कम बंधितमधून खर्च केल्यास रस्त्याचा भाग अमान्य होऊ शकतो, म्हणून दोन कामांची अंदाजपत्रके व नावे वेगळी ठेवावीत.

मान्यतेचा क्रम आणि कागदपत्रे

ग्रामपंचायत अधिकारी व संसाधन गट यांनी वरील जमा बाजू आधी तयार करावी आणि ती घेऊनच वॉर्डसभा, महिला सभा व बालसभा घ्याव्यात. किती पैसा मोकळा आहे हे समोर असले की लोक कामांचा प्राधान्यक्रम नेमका लावतात. त्यानंतर प्रारूप आराखडा पंचायत समिती स्तरावर तांत्रिक छाननीसाठी जातो आणि दुरुस्तीसह ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते. ठरावात कामाचे नाव, ठिकाण, अंदाजित रक्कम व शीर्ष हे चारही तपशील असावेत. ‘आराखड्यास सर्वानुमते मंजुरी’ एवढ्याच ठरावावर काम बदलले की कोणते काम मंजूर होते हे सिद्ध करता येत नाही.

फाइलमध्ये गणपूर्ती दाखवणारी उपस्थिती नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त व ठराव, नमुना 1 मधील अर्थसंकल्प, नमुना 8 व 9 मधील कर आकारणी आणि मागणीचा गोषवारा, मागील वर्षाचे बँक ताळमेळ व लेखापरीक्षण, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता ठेवावी. रस्त्यासाठी नमुना 23 मधील नोंद, तर इमारतीसाठी नमुना 24 मधील नोंद किंवा सातबारा जोडावा. खासगी जागेतून जाणाऱ्या रस्त्याला मालकाचे लेखी बक्षीसपत्र नसेल तर ते काम पुढील वर्षासाठी ठेवणे शहाणपणाचे, कारण निधी असूनही ते काम तिथेच अडकते. शेवटी आराखडा ई-ग्रामस्वराजवर भरताना कामाचे नाव ठरावातल्याप्रमाणे अक्षरशः तेच ठेवावे. देयक सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघते, आणि आराखड्यात नसलेल्या कामाचा खर्च प्रणाली स्वीकारत नाही.

वर्षात वसुली किंवा हप्ता अंदाजापेक्षा कमी आला तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच नमुना 2 मध्ये पुनर्विनियोजन करून ग्रामसभेची मान्यता घ्यावी. उदाहरणातील गावात मुद्रांक शुल्काचे 65,000 आले नाहीत तर 35 मीटरचा दुसरा टप्पा पुढील वर्षाच्या आराखड्यात जाईल, पण 115 मीटर रस्ता पूर्ण होईल आणि त्याचे अंतिम देयक अडकणार नाही.