पाककृतीतील घटकबदल : केकमध्ये बटरऐवजी तेल

पाककृतीत सांगितलेला एखादा घटक काढून त्याच्या जागी दुसरा वापरणे किंवा त्याचे प्रमाण बदलणे म्हणजे घटकबदल. बदललेला घटक मूळ कृतीत नेमके काय काम करत होता, हे कळले तरच प्रमाण बरोबर बसते. साध्या केकमध्ये बटरऐवजी तेल घालताना हे फार स्पष्ट दिसते.

मूळ कृती समजा अशी आहे : मैदा, साखर आणि बिनमिठाचे बटर प्रत्येकी २०० ग्रॅम, चार अंडी आणि ८ ग्रॅम बेकिंग पावडर. बटर म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. त्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तेलात पाणी नसते. म्हणून २०० ग्रॅम बटरच्या जागी १६० ग्रॅम तेल आणि ३० ग्रॅम दूध घ्यावे लागते. तेवढेच २०० ग्रॅम तेल ओतले, तर जवळजवळ ४० ग्रॅम स्निग्धांश जास्त होतो. मग केकखालचा कागद तेलकट निघतो आणि तळाशी चिकट, दडस थर बसतो. आणखी एक चूक सर्रास होते, ती मापाची. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने १६० ग्रॅम तेल मापपात्रात सुमारे १७५ मिलिलिटर भरते. ते वजनावरच मोजलेले बरे.

प्रमाण जमले तरी काम संपत नाही. बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे कण बटरमध्ये हवा कोंडतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे फारसे तयार करत नाही, असलेले फुगवते. तेल पातळ असल्यामुळे त्यात हवा अशी धरून राहत नाही. त्यामुळे कृतीच बदलावी लागते. आधी अंडी आणि साखर फिकट आणि दाट होईपर्यंत फेटायची. फेटणी उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी दिसली पाहिजे. मग तेल बारीक धारेने सोडायचे, दूध घालायचे आणि शेवटी मैदा व बेकिंग पावडर चाळून हलक्या हाताने मिसळायचे. १७० अंश सेल्सिअसला साधारण ४० ते ४५ मिनिटे भाजून मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

गार झाल्यावर फरक कळतो. बटर घट्ट होते, तेल द्रवच राहते, त्यामुळे हा केक फ्रिजमधून काढल्यावरही मऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशीही कोरडा वाटत नाही. बटरचा स्वाद मात्र जातो, आणि साध्या केकमध्ये ती उणीव चांगलीच जाणवते. लिंबाची किसलेली साल किंवा कोको घातला, तर ती बरीच झाकली जाते.

पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीत हा बदल चालत नाही. तिथे घट्ट बटरचे थर पिठाचे पापुद्रे वेगळे ठेवतात. तेल पिठात मुरते आणि पदर सुटतच नाहीत.

असा बदल दुसऱ्याला सांगायचा तर दोन्ही घटकांचे वजन, फेटण्याची पद्धत आणि भांड्याचे माप सांगावे. एका वेळी एकच घटक बदलावा. साखरही त्याच दिवशी कमी केली असेल, तर केक बसला तो तेलामुळे की साखरेमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.