एस्प्रेसोवरचा सोनेरी फेस : क्रेमा आला कुठून आणि तो नसला तर?

एस्प्रेसो यंत्राची कहाणी क्रेमाच्या बरीच आधी सुरू होते. १८८४ मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने वाफेच्या जोरावर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेका कपापुरती कॉफी काढणारं यंत्र बनवलं आणि थोड्याच वर्षांत देसिदेरियो पावोनीने ते बाजारात आणलं. इटलीतल्या बारमध्ये लोक उभ्याउभ्या एस्प्रेसो पिऊ लागले ते याच यंत्रांमुळे. पण त्या कपात आज आपण पाहतो तसा सोनेरी थर नव्हता. बंद बॉयलरमधल्या वाफेचा दाब जेमतेम दीड बारपर्यंत जायचा. बार हे दाबाचं एकक. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो. त्यात पाणी उकळतं असल्यामुळे कॉफीला करपट कडवटपणाही यायचा. म्हणजे एस्प्रेसोची पहिली चार-पाच दशकं क्रेमाशिवायच गेली, आणि तरी तिला एस्प्रेसोच म्हणत होते.

हे बदललं मिलानच्याच आकिल्ले गाज्जामुळे. वाफेऐवजी गरम पाणी दाबाने कॉफीतून ढकलायचं, ही कल्पना घेऊन त्याने १९३८ मध्ये पहिलं पेटंट घेतलं. मध्ये महायुद्ध आलं. १९४७ मध्ये त्याने स्प्रिंग आणि लांब दांडा असलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं. दांडा खाली ओढला की आतली जाड स्प्रिंग दबायची आणि कॉफीच्या वरच्या पोकळीत गरम पाणी भरायचं. दांडा सोडला की स्प्रिंग ते पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने कॉफीतून खाली रेटायची. पाणी उकळत्याहून थोडं कमी तापलेलं, दाब आधीच्या कितीतरी पट. आणि कपात कॉफीवर तांबूस-सोनेरी फेस जमू लागला.

गिऱ्हाइकांना हा प्रकार नवा होता. वर हा साका कसला, असं लोक विचारायचे, असं सांगतात. गाज्जाने या फेसालाच नाव दिलं आणि त्याचीच जाहिरात केली : नैसर्गिक कॉफीचा क्रेमा, तोही वाफेशिवाय. ‘क्रेमा काफे’ ही अक्षरं थेट यंत्रावर झळकू लागली. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाब वाढवल्यावर आपोआप आलेली गोष्ट इथे दर्जाची खूण ठरली. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं E61 यंत्र आलं. त्यात दाब देण्याचं काम स्प्रिंगऐवजी विजेचा पंप करू लागला. नऊ बार हा प्रघात पक्का झाला आणि क्रेमा रोजचा झाला.

आता हा फेस होतो कसा ते पाहू. कॉफीचे दाणे भाजताना आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा दाण्यातच अडकून राहतो. किलोभर ताज्या भाजलेल्या दाण्यांत तो काही लिटर भरतो. नऊ बारच्या दाबाखालचं गरम पाणी दळलेल्या कॉफीतून जाताना हा वायू स्वतःत विरघळवून घेतं. दळलेली कॉफी ज्या धातूच्या बास्केटमध्ये भरतात तिच्या जाळीतून ते बाहेर पडतं तेव्हा दाब एकदम हवेच्या दाबाइतका होतो आणि विरघळलेला वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तेच हे. फरक एवढाच की सोड्याचे बुडबुडे लगेच फुटतात, कॉफीचे टिकतात. भाजताना तयार झालेले तपकिरी पदार्थ, म्हणजे मेलॅनॉइडिन, आणि काही प्रथिनं बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. रंगही या तपकिरी पदार्थांचा आणि कॉफीच्या अगदी बारीक कणांचा. कॉफीतलं तेल या फेसाला धरून ठेवतं असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तेल जास्त झालं तर फेस लवकर मोडतो.

आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये ‘एस्प्रेसो’ म्हणून जी कॉफी मिळते, तिच्यावरचा फेस मात्र क्रेमा नव्हे. तिथे इन्स्टंट कॉफी, साखर आणि दुधात वाफेची नळी घालून दूध फेसाळवलेलं असतं.

क्रेमा मुळात अडकलेल्या वायूतून येतो हे एकदा ध्यानात घेतलं की तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे उलगडतं. एकाच पाकिटातल्या दाण्यांचं उदाहरण घ्या. १८ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो, यंत्र तेच. भाजल्यानंतर दोन-तीन दिवसांत काढलेल्या कपावर भरघोस फेस येतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि तो पटकन बसतो, कारण वायू फार आहे. चव बरेचदा बोचरी लागते. दहा-पंधरा दिवसांनी थर पातळ पण दाट येतो, आणि कॉफी बहुधा याच सुमारास सर्वांत छान लागते. दोन-तीन महिन्यांनी, पाकीट उघडं राहिलं असेल तर, वर फिकट, विरळ पापुद्रा येतो आणि वासही गेलेला असतो. म्हणजे सर्वांत जास्त फेसाचा कप सर्वांत चवदार ठरत नाही. पण क्रेमा जवळपास नाहीसा झाला, तर दाणे शिळे झाल्याची शंका घ्यायला हरकत नाही. दळून ठेवलेल्या पावडरीतून वायू आणखी झपाट्याने निघून जातो.

दुसरी गोष्ट दाण्याच्या जातीची. रोबस्टामध्ये तेल अरेबिकापेक्षा कमी असतं, म्हणून तिचा क्रेमा जाड आणि टिकाऊ होतो. इटालियन मिश्रणांत रोबस्टा घालण्याचं हे एक मोठं कारण, आणि कर्नाटक-केरळातली रोबस्टा इटलीला जाते त्यामागेही हे आहे. उलट, उत्तम अरेबिका हलकी भाजली तर क्रेमा पातळच येतो. ती कॉफी फळासारखी आंबटगोड, सुवासिक असू शकते. केवळ थर पातळ म्हणून तिला नावं ठेवणं मला चुकीचं वाटतं. नुसता क्रेमा चमच्याने उचलून चाखला, तर तो कडू आणि किंचित राखेसारखा लागतो. म्हणूनच प्यायच्या आधी कप ढवळावा.

घरच्या स्वस्त यंत्रांमुळे आणखी एक घोळ होतो. त्यांच्या बास्केटला अनेकदा दुहेरी तळ असतो आणि खालच्या तळाला एकच बारीक भोक असतं. त्यातून कॉफी जोराने फवारली जाते आणि शिळ्या पावडरीवरही फेस उभा राहतो. बास्केट उजेडात धरून पाहा. आतून जाळी, पण बाहेरून एकच छिद्र दिसलं, तर त्या फेसावरून दाण्यांचा ताजेपणा ठरवता येणार नाही. शेगडीवर ठेवून वाफेच्या जोरावर कॉफी काढायच्या मोका पॉटमध्ये दाब दीड-दोन बारच्या आसपासच असतो, तेव्हा त्यात क्रेमा न येणं हा कॉफीचा दोष नाही.

पंपाच्या यंत्रावर, साध्या जाळीच्या बास्केटमध्ये क्रेमा अचानक दिसेनासा झाला, तर आधी घड्याळ पाहावं. तेच ३६ ग्रॅम दहा-बारा सेकंदांतच भरले, तर दळण जाड झालंय किंवा कॉफी कमी पडलीय. पाणी अडत नाही, म्हणून दाबच तयार होत नाही. अशी कॉफी पाणचट आणि आंबट लागते. वेळ बरोबर असेल, तर पाकिटावरची भाजल्याची तारीख पाहावी. तारीखही ताजी असेल आणि चव चांगली असेल, तर दाणे हलके भाजलेले अरेबिका आहेत का ते पाहावं. असतील, तर काहीच बदलायचं कारण नाही.