पाठीच्या उसणीसाठी रात्री घेतली जाणारी स्नायुशिथिलके

पाठीत उसण भरली किंवा कंबरेचे स्नायू अचानक आखडून बसले, की वेदनाशामकाच्या जोडीला रात्री झोपताना घेण्यासाठी काही वेळा स्नायुशिथिलक औषध दिले जाते. सायक्लोबेंझाप्रिन आणि कॅरिसोप्रोडॉल ही या गटातली दोन जुनी औषधे. अमेरिकेत कॅरिसोप्रोडॉल १९५९ पासून आणि सायक्लोबेंझाप्रिन १९७७ पासून वापरात आहे. दोन्ही औषधांची शिफारस अल्प मुदतीचीच, म्हणजे जास्तीत जास्त दोन ते तीन आठवड्यांची असते. दोन्ही रात्री घेतली जातात आणि दोन्हींनी झापड येते, म्हणून ती एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. प्रत्यक्षात शरीरात त्यांची वाटचाल अगदी वेगळी आहे, आणि ती कळल्याशिवाय त्यांचे धोके नीट समजत नाहीत.

नाव स्नायुशिथिलक असले तरी यांपैकी कोणतेही औषध आखडलेल्या स्नायूवर थेट काम करत नाही. दोन्हींची क्रिया मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर होते. सायक्लोबेंझाप्रिन मुख्यतः मेंदूच्या बुंध्यापाशी काम करून स्नायूंना सतत ताणलेले ठेवणारे संदेश कमी करते. कॅरिसोप्रोडॉलची क्रिया झोपेच्या जुन्या औषधांच्या जवळ जाते. त्यामुळे गुंगी हा या औषधांचा बाजूला काढता येणारा दुष्परिणाम नाही, ती मूळ परिणामाशी जोडलेली आहे. उसणीने रात्रभर कूस बदलता येत नसेल, तर ही गुंगी काही अंशी उपयोगाचीच असते. रात्रीचा डोस पसंत केला जातो तो याच कारणाने. सायक्लोबेंझाप्रिनचा फायदा पहिल्या चार दिवसांत सर्वाधिक दिसतो आणि पुढे कमी होत जातो. आपत्कालीन विभागात आलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाप्रोक्सेन या वेदनाशामकाला सायक्लोबेंझाप्रिनची जोड दिल्याने आठवड्याअखेर नुसत्या नाप्रोक्सेनपेक्षा अधिक फायदा झाला नाही. म्हणून ही गोळी उपचाराचा कणा मानू नये. सुरुवातीच्या वाईट रात्री निभावण्यापुरतेच तिचे स्थान आहे.

सायक्लोबेंझाप्रिन: सकाळपर्यंत रेंगाळणारे औषध

रासायनिक रचनेत हे औषध अ‍ॅमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाचे सख्खे भावंड आहे. दोघांत फक्त एका दुहेरी बंधाचा फरक. नेहमीची गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची असते. लेबलानुसार ती दिवसातून तीनदा घ्यायची असली, तरी अनेक डॉक्टर ५ मिलिग्रॅम फक्त रात्री देतात. ५ मिलिग्रॅमचा गुण बहुतेकांना १० इतकाच येतो आणि झापड कमी येते. चाचण्यांमध्ये झापडीची तक्रार ५ मिलिग्रॅमवर २९ टक्के, १० मिलिग्रॅमवर ३८ टक्के आणि औषधविरहित गोळीवर १० टक्के लोकांनी केली.

खरा प्रश्न सकाळचा असतो. या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येण्याचा काळ, सरासरी १८ तास आहे. समजा कोणी रात्री ११ वाजता गोळी घेतली. तिचे रक्तातले प्रमाण साधारण चार तासांनी, म्हणजे पहाटे ३ च्या सुमारास सर्वाधिक होते. सकाळी ७ ला ही व्यक्ती गाडी काढते तेव्हा त्या सर्वोच्च प्रमाणाच्या सुमारे ८५ टक्के औषध अजून रक्तात असते. पुढच्या रात्री तीच वेळ येते तेव्हाही जवळपास ४० टक्के शिल्लक असते आणि त्यावर नवी गोळी पडते. तीन-चार रात्रींत पातळी पहिल्या रात्रीच्या सुमारे दीडपटीवर जाऊन स्थिरावते. म्हणून पहिल्या सकाळी ठीक वाटलेला माणूस चौथ्या सकाळी सुस्तावलेला असू शकतो. गोळी ११ ऐवजी ९ वाजता घेतली तर सकाळ थोडी सुसह्य होते, पण फरक थोडाच. पहिले काही दिवस सकाळी वाहन आणि यंत्र टाळणे हाच खात्रीचा उपाय.

वयस्कर माणसात हेच गणित जास्त बिघडते. तिथे अर्धायुष्य ३३ तासांच्या आसपास जाते, म्हणजे दुसऱ्या रात्रीपर्यंत ६० टक्के औषध उरते आणि पातळी पहिल्या रात्रीच्या अडीचपटीपर्यंत चढते. परिणाम दिसतो तो रात्री लघवीला उठताना: तोल जाणे, गोंधळणे, पडणे. पासष्टीपुढे हे औषध आणि कॅरिसोप्रोडॉल दोन्ही शक्यतो टाळावीत, असे वृद्धांसाठीच्या औषधांचे निकष सांगतात. यकृताचा मध्यम किंवा गंभीर आजार असेल तर सायक्लोबेंझाप्रिन देऊ नये.

तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, धूसर दिसणे आणि लघवी अडणे हे या औषधाचे ओळखीचे त्रास. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ते अधिक जाणवतात. लघवी अडण्याबाबत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कंबरेतली चकती सरकून खालच्या मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेला तरीही लघवी अडते. तेव्हा लघवी होत नाही आणि जोडीला जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आहे, पायातली ताकद गेली आहे किंवा शौचावर ताबा राहिलेला नाही, असे असेल तर दोष गोळीवर टाकून वाट पाहू नये. ही त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची बाब आहे.

हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, हृदयातला विद्युतमार्ग अडणे, हृदय निकामी होणे, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका आणि वाढलेला थायरॉइड यांत हे औषध वर्ज्य आहे. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधे बंद केल्यापासून चौदा दिवस उलटेपर्यंतही ते घेऊ नये. नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी औषधे किंवा ट्रॅमाडॉल सोबत असेल तर घाम, थरथर, ताप, अस्वस्थता आणि स्नायू फडफडणे अशी लक्षणे दिसू शकतात. उसण असलेल्याला वेदनेसाठी ट्रॅमाडॉल सहज दिले जाते, म्हणून ही जोडी डॉक्टरांच्या नजरेतून सुटता कामा नये.

कॅरिसोप्रोडॉल: पोटात एक, रक्तात दुसरे

हे औषध फ्रँक बर्गर यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्याच प्रयोगशाळेने त्याआधी मेप्रोबामेट हे १९५५ पासून प्रचंड खपलेले चिंताशामक दिले होते, आणि कॅरिसोप्रोडॉलची सगळी गुंतागुंत याच नात्यात आहे. यकृत कॅरिसोप्रोडॉलचे रूपांतर मेप्रोबामेटमध्ये करते. म्हणजे रुग्ण घेतो स्नायूंची गोळी, आणि काही तासांत त्याच्या रक्तात सवय लावणारे जुने शामक फिरू लागते.

गोळी २५० किंवा ३५० मिलिग्रॅमची असते. लेबलावर दिवसातून तीनदा आणि झोपताना एक असे लिहिलेले असते. परिणाम अर्ध्या तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. मूळ औषधाचे अर्धायुष्य सुमारे दोन तास, मेप्रोबामेटचे सुमारे दहा तास. चुकीच्या वापराची सुरुवात बहुधा या दोन आकड्यांमधल्या फटीतून होते. रात्री १० वाजता घेतलेल्या गोळीने झटपट आराम पडतो. पहाटे २ पर्यंत मूळ औषध बरेचसे उतरलेले असते आणि कूस बदलताना कळ येऊन जाग येते. गोळीचा असर संपला असे वाटून दुसरी घेतली जाते. पण नेमके याच सुमारास मेप्रोबामेटचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसरी गोळी त्यावर चढते, आणि सकाळी जड डोके, अडखळती जीभ, डगमगती चाल. हेच आठवडाभर चालले की एका गोळीने झोप लागेनाशी होते.

सगळ्यांत हे रूपांतर एकाच वेगाने होत नाही. त्यासाठी लागणारे विकर काही लोकांत जन्मतःच मंद असते, आणि आशियाई लोकांत अशांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे. त्यांच्यात मूळ औषधाची पातळी इतरांच्या चौपट होऊ शकते, म्हणून एकाच गोळीने ते गाढ गुंगीत जातात. आम्लपित्तावरचे ओमेप्राझोलही याच विकराला अडवते.

अवलंबित्वाच्या खुणा घरच्यांना आधी दिसतात. ठरल्या दिवसाआधी पाकीट संपणे, दुसऱ्या डॉक्टरांकडून तीच गोळी लिहून घेणे, पाठ बरी झाल्यावरही झोपेसाठी ती चालू ठेवणे. मूत्राच्या नेहमीच्या मादकद्रव्य चाचणीत कॅरिसोप्रोडॉल सापडत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. उलट सायक्लोबेंझाप्रिन काही चाचण्यांत नैराश्यावरचे औषध असल्यासारखे दिसते, ते रचनेतल्या साम्यामुळे. युरोपीय औषध संस्थेने २००७ मध्ये कॅरिसोप्रोडॉलची विक्री थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेत ते जानेवारी २०१२ पासून नियंत्रित औषधांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. मेप्रोबामेट तिथे आधीपासूनच होते. सायक्लोबेंझाप्रिन नियंत्रित यादीत नाही. तरी नशेसाठी त्याचाही वापर होतो आणि जास्त मात्रेत ते हृदयाची लय बिघडवू शकते.

आठवडे-महिने रोज घेतलेले कॅरिसोप्रोडॉल एकदम बंद केले तर झोप उडणे, थरथर, उलट्या, घबराट, भास आणि क्वचित आकडीचे झटके येतात. सुरुवात बहुधा एक-दोन दिवसांत होते. त्यामुळे गोळ्या पायरीपायरीने उतरवतात; दिवसाला चार घेणाऱ्यासाठी एक रूढ पद्धत अशी: तीन दिवस तीन, पुढचे तीन दिवस दोन, मग तीन दिवस एक. मात्रा त्याहून मोठी असेल किंवा पूर्वी झटके आले असतील, तर हा उतार डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि अधिक सावकाश लागतो.

जीवघेणा प्रसंग बहुतेकदा एकट्या गोळीचा नसतो. दारू, अफूजन्य वेदनाशामक किंवा डायझेपाम, अल्प्राझोलाम अशा बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या सोबत असतात. अफूजन्य औषध, बेंझोडायझेपिन आणि कॅरिसोप्रोडॉल हे त्रिकूट विशेष घातक, कारण तिन्ही मिळून श्वास मंदावतात. झोपलेला माणूस हाक मारून आणि हलवून उठत नाही, श्वास संथ किंवा घरघरणारा आहे, ओठ निळसर पडले आहेत, तर झोपू द्यावे म्हणून सोडू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वासावर लक्ष ठेवावे. जवळ नालॉक्सोन असेल तर द्यावे, पण ते फक्त अफूजन्य भाग उतरवते. कॅरिसोप्रोडॉलवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे थोडी शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावेच लागते, आणि सोबत सगळी पाकिटे द्यावीत, रिकामी झालेलीसुद्धा.